तागडीपलीकडचा माणूस

'आमच्या गावचे दुकानदार फार प्रामाणिक, कष्टाळू आणि मनमिळाऊ आहेत.' व्यक्तिचित्राचा विषय आला की शाळकरी मुलापासून हौशी लेखकापर्यंत बहुतेकांची पहिली ओळ अशी उतरते. या ओळीतला दुकानदार काढून पोस्टमन घातला तरी तिला काही होत नाही. त्या दुकानदाराला मी ओळखत नसेन, तर ती ओळ वाचूनही ओळखू शकणार नाही. तिच्यात लेखकाचं मत आहे, माणूस अजून यायचा आहे.

म्हणून या प्रकारच्या लेखनासाठी एक कडक अट घालून बघावी. दुकानदाराबद्दल जे डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं, तेवढंच लिहायचं. तो कुठून आला, त्याची जमीन किती, भावाशी का बिनसलं, हे गावाने सांगितलेलं बाजूला ठेवायचं. त्याच्या मनात काय आलं हेही लिहायचं नाही, कारण ते दिसत नाही. उरतात फक्त त्याच्या सवयी आणि त्याचं बोलणं. सुरुवातीला हे फार थोडं वाटतं, पण किराणा दुकानदार दिवसभर सगळ्यांसमोर, त्याच चार हातांच्या जागेत, तीच कामं पुन्हापुन्हा करत असतो. व्यक्तिचित्र शिकायला याहून सोयीचा माणूस गावात मिळणं कठीण.

उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातलं एक दुकान घेतो. एसटीच्या थांब्यासमोर आहे, त्यामुळे बाकावर बसलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. गावाचं आणि दुकानदाराचं नाव लिहीत नाही. लोक त्याला अण्णा म्हणतात, तेवढं पुरे.

आधी त्याचे हात बघितले. अर्धा किलो साखर मागितली की तो पोत्यातून कागदी पिशवीत साखर ओततो आणि काट्यावर ठेवतो. आकडा चारशे ऐंशी-नव्वद ग्रॅमला थांबलेला असतो. मग तो चिमटीने थोडी थोडी साखर वर टाकतो. पाचशे झाले की आणखी एक चिमूट टाकतो आणि तेव्हाच पिशवी उचलतो. आधी जास्त ओतून नंतर काढून घेताना तो मला दिसला नाही. गिऱ्हाइकाला दिसतो तो हात नेहमी भर घालणारा असतो.

इथेच लेखकाच्या हाताला खाज सुटते आणि 'अण्णा प्रामाणिक आहे' असं लिहून जातं. लिहू नये, कारण या एका सवयीचे निदान दोन अर्थ निघतात. माप भरून द्यावं असं त्याला वाटत असेल, किंवा घालणारा हात गिऱ्हाइकाला सुखावतो हे त्याने धंद्यात ओळखलं असेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बाकावरून हे ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही नाही. ती चिमूट नेमकी लिहिली, तर वाचक स्वतः विचार करू लागतो.

मग बोलणं. अण्णाच्या तोंडून 'नाही' हा शब्द फार क्वचित निघतो. माल संपलेला असला तर तो म्हणतो, "उद्या येतंय." उधारी वाढलेली असली तर म्हणतो, "वही काढू का?" हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस बहुधा मागितलेल्या वस्तूंतली एखादी कमी करतो. पैसे मागायची त्याची पद्धत तर ऐकत राहावी अशी आहे. म्हाताऱ्या शेतकऱ्याला तो विचारतो, "आबा, तोड आली का उसाला?" तरुणाला विचारतो, "कारखान्याचं बिल जमा झालं का रं?" उधारीचा शब्दही उच्चारला जात नाही. ऐकणारा मात्र बरोबर उत्तर देतो: "पंधरा दिवस थांबा अण्णा."

बोलणं टिपताना शब्द जागच्या जागी लिहून ठेवावे लागतात. घरी येऊन आठवून लिहिलं की माणसाची वाक्यं आपल्या भाषेत वळतात. "उद्या येतंय" चं "उद्या माल येणार आहे" होतं आणि अण्णा तिथेच संपतो. दुसऱ्या टोकाला, बोलीची हौस म्हणून प्रत्येक शब्द वाकडा करून लिहिणारेही असतात. त्यात माणूस दिसायच्या ऐवजी त्याची नक्कल होते. दोन-तीन वाक्यं अस्सल असली की पुरतात. वाचकाच्या कानात तो सूर बसतो आणि पुढचं तो त्याच सुरात ऐकतो.

एकच माणूस कुणाशी कसा बोलतो, यातला फरक सगळ्यांत जास्त सांगून जातो. दशमान वजनं आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, पण गावात पावशेर अजून चालतो. एक म्हातारी येऊन पावशेर चहापावडर मागते. अण्णा अडीचशे ग्रॅम मोजतो आणि पुडा तिच्या हातात देताना म्हणतो, "घे मावशे, पावशेर." थोड्या वेळाने शाळकरी मुलगा येतो. त्याच वजनाचा पुडा देताना अण्णा म्हणतो, "अडीचशे ग्रॅम. सांग घरी." ज्याचं माप त्याच्या तोंडात. हे लिहिल्यावर 'मनमिळाऊ' हा शब्द लागत नाही.

आता सवयीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट, म्हणजे ती मोडते तो क्षण. अण्णा भवानी झाल्याशिवाय उधार देत नाही. दिवसाचे पहिले पैसे रोख आले पाहिजेत. ते तो काट्याला लावतो, कपाळाला लावतो आणि मग गल्ल्यात टाकतो. एका सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं आणि एक मुलगी रिकामा डबा घेऊन आली. गोडेतेल हवं होतं, पैसे नव्हते. अण्णा तिला म्हणाला, "जरा बस." उदबत्ती फिरवून झाली. बरण्यांवरून फडकं फिरवून झालं. मुलगी पायरीवर बसून होती. समोरून दूधवाला सायकलवरून चालला होता. अण्णाने हाक मारली, "काडेपेटी न्यायची नाही का तुला?" दूधवाल्याने बहुधा काडेपेटी न्यायची नव्हती. पण तो उतरला, नाणं दिलं आणि काडेपेटी खिशात टाकून गेला. नाणं काट्याला लागलं, कपाळाला लागलं. "आण डबा," अण्णा मुलीला म्हणाला.

हा प्रसंग मी एकदाच पाहिला, म्हणून तो लिहिताना 'एका सकाळी' असंच लिहायचं. 'अण्णा नेहमी असं करतो' असं लिहिलं तर ते खोटं होईल. भवानीची रीत रोज दिसली, तिला सवय म्हणता येतं. तिला दिलेली बगल एकदा दिसली, तिला प्रसंग म्हणायचं. नवशिक्याचं लेखन इथे हमखास घसरतं. एकदा पाहिलेलं त्याला आवडतं आणि तो त्याला माणसाचा स्वभाव करून टाकतो. वहीत दोन रकाने पाडले तर ही चूक होत नाही: एकात पुन्हापुन्हा दिसलेलं, दुसऱ्यात एकदाच दिसलेलं. पहिल्या रकान्यातून चित्राचा पाया येतो, दुसऱ्यातून त्याचा जीव.

गर्दीच्या वेळी माणूस धंदा करत असतो, म्हणून रिकाम्या वेळीही बघायला हवं. दुपारी गिऱ्हाईक नसताना अण्णा पोत्यांची सुटलेली सुतळी एका गोळ्यावर गुंडाळत बसतो. गोळा नारळाएवढा झाला आहे. जुन्या वर्तमानपत्राचे सारखे चौकोन फाडून तो वजनाखाली ठेवतो. बाईने कमरेच्या पिशवीतून काढून दिलेली चुरगळलेली नोट मांडीवर ठेवून तळव्याने सरळ करतो आणि मगच गल्ल्यात ठेवतो. कुणी उधारी फेडली की वहीत आडवी रेघ मारतो, वही गिऱ्हाइकाकडे फिरवतो आणि म्हणतो, "बघ, मारली रेघ." वाचता न येणाऱ्या म्हातारीलासुद्धा तो त्या रेघेवर बोट ठेवायला लावतो.

हे सगळं एकत्र लिहायला बसलो तेव्हा बरंच गाळलं. दुकानातल्या बरण्या, गुळाची ढेप, भिंतीवरचं कॅलेंडर, 'उधारी बंद' ची पाटी ही वर्णनं सोपी असतात आणि ती लिहिता लिहिता पान भरतं. मग दुकानाचं चित्र होतं, दुकानदाराचं राहतं. ज्या वस्तूला त्याचा हात लागतो तेवढी वस्तू ठेवली. पाटी ठेवली, कारण तिच्याखाली उभं राहूनच तो उधारी लिहीत असतो. शेवटी चित्राचा गाभा असा उतरला:

'अण्णा साखर चिमटीने पुरी करतो. पाचशेचा आकडा आला की आणखी एक चिमूट पडते, मग पिशवी उचलली जाते. मागे "उधारी बंद" ची पाटी आहे; तिच्याखाली तो वहीत तारीख घालतो. "आबा, तोड आली का उसाला?" आबा पिशवीकडे बघतात. "पंधरा दिवस थांबा." अण्णा मान हलवतो आणि काडेपेटी न मागता पिशवीत टाकतो. "ही लिहीत नाही," म्हणतो. मग सुतळीचा गोळा मांडीवर घेतो.'

यात एकही विशेषण अण्णाच्या स्वभावाचं नाही. मराठीत व्यक्तिचित्राची वाट जुनी आणि भक्कम आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ चं. माडगूळकर स्वतः चित्रंही काढत, आणि लेखनात माणूस आधी बघून घेण्याची ती शिस्त ज्याला शिकायची आहे त्याने हे पुस्तक जरूर वाचावं. अनुकरण मात्र करू नये. आपल्या गावचा दुकानदार त्या पुस्तकात नाही.

एक खबरदारी घ्याच. दुकानात बसून बघताना दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकांच्या अडचणी जास्त दिसतात. कुणाची किती उधारी, कुणी तेल मागितलं आणि पैसे नव्हते, हे छापून गावात फिरलं तर त्या घराला त्रास होतो. रकमा, नावं आणि ओळखीच्या खुणा बदलाव्यात किंवा काढून टाकाव्यात. चित्र दुकानदाराचं आहे; उधार नेणाऱ्याला त्यात उघडं पाडायचा हक्क आपल्याला नाही.

लिहून झालं की ते त्या गावच्या एखाद्या माणसाला नाव न सांगता वाचून दाखवा. त्याने मध्येच थांबवून "हा तर आपला अण्णा" म्हटलं, तर चित्र जमलं. शेवटपर्यंत ऐकून "छान लिहिलंय" म्हणाला, तर वही घेऊन पुन्हा बाकावर जाऊन बसा.