३१ मार्चला हाती नसलेली बिलं

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. माणच्या आयटी कंपन्यांत आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांपैकी ज्यांचा मेडिक्लेम कंपनीच काढते, त्यांच्या पदरात मात्र त्यातलं काही पडलं नाही. ग्रुप पॉलिसीवरचा १८ टक्के कर तसाच आहे. त्यामुळे रिन्यूअलच्या तोंडावर एचआर आणि ब्रोकर यांच्यात करावरच बोलणं होतं. प्रीमियम वर नेणारं खरं कारण त्या बोलण्यात येतच नाही. ते विमा कंपनीच्या आत, अ‍ॅक्चुअरीच्या एका टिपणात असतं. पोर्टफोलिओ बिघडतो आहे, क्लेमसाठीची राखीव तरतूद वाढवा, असं ते टिपण सांगतं.

समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातला कामगार २० मार्चला जवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल झाला. ते टीपीएच्या यादीत नाही, म्हणून बिल त्याने खिशातून भरलं. फाइल गेली एप्रिलच्या मध्यावर. टीपीएने एक कागद कमी असल्याची क्वेरी काढली आणि पैसे मिळाले जूनमध्ये. आजारपण मात्र मार्चचं आहे, म्हणून तो खर्चही मार्चचाच. हिशेब ३१ मार्चला बंद होतो तेव्हा विमा कंपनीला दोन रकमा बाजूला ठेवाव्या लागतात. पहिली, नोंद झालेल्या पण पैसे न दिलेल्या क्लेमची. दुसरी, ज्यांचा कागदही अजून आलेला नाही अशा क्लेमची. या दुसरीला धंद्यात आयबीएनआर म्हणतात. तिच्यामागे एकही फाइल नसते. ती अंदाजाची रक्कम असते आणि कंपनीच्या नियुक्त अ‍ॅक्चुअरीच्या सहीने ठरते.

हा अंदाज कसा बांधतात ते सोप्या, कल्पित आकड्यांत पाहू. माण-हिंजवडी आणि चाकणमधल्या ग्रुप पॉलिसींचा एक पोर्टफोलिओ घ्या, तिमाहीचा प्रीमियम २५ कोटी. जानेवारी ते मार्चमधल्या आजारपणांपोटी ३१ मार्चपर्यंत १२ कोटी दिले गेले आहेत. आजवरचं गृहीतक असं, की तिमाहीतल्या एकूण खर्चापैकी ६० टक्के रक्कम तिमाही संपेपर्यंत दिली जाते. म्हणजे एकूण खर्च २० कोटी आणि तरतूद ८ कोटी.

टिपण लिहिणारा याच ६० टक्क्यांवर बोट ठेवतो. ज्या जुन्या तिमाह्या आता जवळपास मिटल्या आहेत, त्यांत हे प्रमाण ५७, मग ५४, मग ५१ निघालं. तो नवं गृहीतक ५० टक्के धरतो. मग तेच १२ कोटी २४ कोटींच्या खर्चाकडे निर्देश करतात आणि तरतूद ८ ऐवजी १२ कोटी लागते. प्रमाण ५५ धरलं तर तरतूद सुमारे ९.८ कोटी, ४८ धरलं तर १३ कोटी. गृहीतक थोडं हललं की रक्कम किती हलते, हे दाखवण्यासाठी चांगल्या टिपणात हे दोन्ही टोकांचे आकडे द्यावेच लागतात. नुसतं ‘तरतूद वाढवा’ म्हणणाऱ्या कागदाला संचालकांनी मान देण्याचं कारण नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. प्रमाण बदललं ते खर्च वाढल्यामुळे, की पैसे देण्याचा वेग बदलल्यामुळे? मे २०२४ च्या परिपत्रकात आयआरडीएआयने कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत देण्याचं बंधन घातलं. त्यामुळे पैसे लवकर जाऊ लागले, तर जुन्याच ६० टक्क्यांनी केलेला हिशेब खर्च उगाच फुगवून दाखवेल. उलट रिइम्बर्समेंटचे क्लेम वाढले आणि टीपीएकडे फायली तुंबल्या, तर तोच हिशेब खर्च लपवेल. म्हणून अ‍ॅक्चुअरीला दिलेल्या पैशांपलीकडे पाहावं लागतं. दर हजार सदस्यांमागे किती जण दाखल झाले, सरासरी बिल किती, टीपीएकडे किती फायली पडून आहेत? दाखल होणारे तेवढेच, बिलही तेवढंच आणि फायली साचलेल्या, तर तो फक्त वेगाचा फरक आहे. बिल वाढतंय आणि उघड्या क्लेमचे अंदाज दर महिन्याला वरच सरकताहेत, तर पोर्टफोलिओ खरोखर बिघडलाय. त्याहून भरवशाची परीक्षा मागच्या वर्षाची. गेल्या ३१ मार्चला ७ कोटी ठेवले आणि प्रत्यक्षात ९ गेले, आणि त्याआधीही चूक त्याच दिशेने झाली होती, तर तो योगायोग नाही.

कारणं या पट्ट्यात शोधायला दूर जावं लागत नाही. ईएसआयची वेतनमर्यादा २०१७ पासून २१ हजार रुपयांवर आहे. वेतनकरारानंतर कामगार ती ओलांडतो आणि अंशदानाचा कालावधी संपला की, म्हणजे १ एप्रिल किंवा १ ऑक्टोबरला, ईएसआयमधून बाहेर पडतो. मालकाने ग्रुप पॉलिसी काढली असेल तर तो कुटुंबासह तिच्यात येतो. माणच्या बाजूला आई-वडिलांना घेणाऱ्या पॉलिसी आहेत. नोकरकपात झाली की तरुण सदस्य बाहेर पडतात आणि उरलेल्या गटाचं सरासरी वय वाढतं. या गोष्टी गृहीतकात यायलाच हव्यात. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गीयाँ-बारेची साथ आली, आठवडेच्या आठवडे आयसीयू आणि महागडी इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं लागली. असे क्लेम मात्र वेगळे काढून दाखवावेत. नाहीतर एका साथीचा भार पुढच्या प्रत्येक वर्षाच्या अंदाजावर बसेल.

तरतूद ८ वरून १२ कोटींवर नेणाऱ्या या चार कोटींनी काय होतं? क्लेमचं प्रीमियमशी प्रमाण ८० वरून ९६ टक्क्यांवर जातं. कमिशन आणि कार्यालयीन खर्च २० टक्के धरला तर १०० रुपये घेऊन ११६ खर्च. पुन्हा ८० वर यायचं तर २५ कोटींच्या जागी ३० कोटी प्रीमियम, म्हणजे २० टक्के वाढ. शिवाय सॉल्व्हन्सीला दुहेरी फटका बसतो. कंपनीचे स्वतःचे पैसे चार कोटींनी घटतात, आणि आवश्यक भांडवल क्लेमच्या ३० टक्के या निकषावर ठरत असेल तर गरज १.२ कोटींनी वाढते. गुणोत्तर १.५ च्या खाली जाता कामा नये. म्हणूनच अशा टिपणाला विक्री विभागाचा विरोध होतो, आणि माझ्या मते तो विरोध मोडून काढला पाहिजे.

आकडे दिसत असूनही दर न वाढवल्यास काय होतं, याची नोंद सरकारदरबारी आहे. चार सरकारी साधारण विमा कंपन्यांच्या आरोग्य व्यवसायावर कॅगचा अहवाल २०२२ मध्ये संसदेत आला. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांतला तोटा २६,३६४ कोटी रुपये. नुसत्या ग्रुप पॉलिसीत क्लेम आणि खर्च मिळून प्रीमियमच्या ९५ टक्क्यांवर जाऊ नयेत, अशी अर्थ मंत्रालयाची सूचना होती. प्रत्यक्षात ग्रुप आरोग्य व्यवसायात हे प्रमाण १२५ ते १६५ टक्के निघालं. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन कंपन्यांत सरकारला २०१९-२० ते २०२१-२२ या काळात १७,४५० कोटी रुपये घालावे लागले. स्वस्त ग्रुप पॉलिसींमुळे झालेल्या खड्ड्याचा भार शेवटी करदात्यावर आला.

म्हणून रिन्यूअलच्या टेबलावर बसणाऱ्या एचआरने आणि युनियनच्या प्रतिनिधीने ब्रोकरकडे एकच ‘क्लेम रेशो’ मागून थांबू नये. दिलेले क्लेम, नोंदलेले पण बाकी असलेले क्लेम आणि आयबीएनआर असे तीन आकडे वेगवेगळे मागा, आणि ते कोणत्या तारखेचे आहेत ते लेखी घ्या. मागच्या वर्षीच्या अंदाजाचं पुढे काय झालं, तेही विचारा.