रीलवाला निवडण्याआधी

अहमदपूरच्या बियाणे दुकानदाराला सोयाबीनच्या हंगामात जाहिरातीसाठी रीलवाला हवा असेल, तर नुसत्या लाखभर फॉलोअर्सवर भुलू नये. त्याच्याकडून इन्स्टाग्रामच्या ‘इनसाइट्स’चा स्क्रीनशॉट मागावा. पाहणारे लातूर-नांदेडचे आहेत की पुण्या-मुंबईचे, हे त्यात शहरांनुसार दिसते. मग त्याच्या जुन्या पोस्ट पाहाव्यात; त्यांच्याशी न जुळणारी जाहिरात अंगाशी येऊ शकते.

२०२२मध्ये अक्षय कुमार विमल इलायचीच्या जाहिरातीत दिसला. व्यायामाचा आग्रह धरणारा, धूम्रपानविरोधी जाहिरात केलेला नट गुटख्याशी जोडलेल्या नावासोबत पाहून चाहते संतापले. एप्रिलमध्ये त्याने माफी मागून काम सोडले. तरी कराराची मुदत संपेपर्यंत जाहिरात दिसू शकेल, असे त्यानेच सांगितले. म्हणून रीलवाल्याची प्रतिमा बिघडल्यास रील काढण्याची अट आधीच लिहून घ्यावी आणि मानधन टप्प्याटप्प्याने द्यावे.