‘पीपीटी मी करतो’

चौघांचा ग्रुप, आठ आठवड्यांचा प्रोजेक्ट, विषय गावातल्या ओढ्याचं पाणी. एकीने नमुने आणायचे, दुसऱ्याने ते तपासायचे, तिसरीने रिपोर्ट लिहायचा. चौथा म्हणतो, "पीपीटी मी करतो." गडबड इथेच होते. पीपीटीची वेळ येते आठव्या आठवड्यात. चौथा काम टाळतोय हे कळेपर्यंत हातात वेळच उरत नाही.

त्यापेक्षा ओढ्यावरच्या चार जागा चौघांनी वाटून घ्याव्यात. आपल्या जागेचे नमुने आपणच आणायचे, तपासायचे आणि त्यावरची दोन पानंही आपणच लिहायची. एकाने काम सोडलं तरी तीन जागांचा अभ्यास उभा राहतो आणि रिकामी जागा कोणाची, हे विचारावं लागत नाही. सगळं जुळवून एकसंध करणाऱ्याचा वेळ मात्र वेगळा धरा. ते मोठं काम आहे.

अमेरिकेतल्या लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. एकट्याने केलं तेव्हा प्रत्येकाचा जोर जास्त होता, गटात तो कमी झाला. आपला आवाज वेगळा मोजला जातोय, असं सांगितल्यावर मात्र गटातही ही ढिलाई दिसली नाही, असं त्यांच्या 1981 सालच्या प्रयोगात आढळलं.

पहिली तारीख चुकली की दोन दिवसांत त्या मुलाशी एकट्याशी बोला, ग्रुपवर नको. कधी तो संध्याकाळी नोकरी करतो, कधी त्याला इंग्रजीत लिहिता येत नाही. मग काम बदलून द्या. दुसऱ्यांदा चुकली तर काय आणि कधीपर्यंत द्यायचं, ते लेखी कळवा. तिसऱ्यांदा चुकली की चौघंही गाइडसमोर बसा. त्याचं काम गुपचूप करून टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. मग गाइडला दिसतो तो पूर्ण प्रोजेक्ट आणि चार नावं.

काही शिक्षक विद्यार्थ्यांकडून एकमेकांना गुण देऊन घेतात. समजा, ग्रुपला 50 पैकी 40 मिळाले. तिघांना साथीदारांनी 10 पैकी सरासरी 8 दिले, चौथ्याला 4. ग्रुपची सरासरी 7. मग तिघांचे गुण 40 गुणिले 8 भागिले 7, म्हणजे साधारण 46, चौथ्याचे 23. पण दोस्तीखातर सगळ्यांना सारखे गुण दिले जातात, कधी तिघं मिळून एकाला पाडतात. म्हणून हे आकडे तारखांच्या नोंदीशी ताडून पाहायलाच हवेत.

तक्रार चौथ्या आठवड्यात न्या. तेव्हा गाइडला त्या मुलाला काम देता येतं, वेगळी व्हायवा ठेवता येते. सबमिशनच्या आदल्या रात्री यातलं काहीच करता येत नाही.