‘पास’ झालेला कान

जन्मानंतर एक-दोन दिवसांत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोक बसवून तपासणी होते आणि यंत्रावर ‘पास’ उमटतं. निकाल खरा असतो, पण त्या दिवसापुरता. गर्भातच आईकडून सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, मिळालेल्या बाळाचा अंतर्कर्ण पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही बिघडू शकतो.

अमेरिकेतल्या युटा राज्यानं २०१३ मध्ये कायदा केला: श्रवणचाचणीत नापास झालेल्या बाळाची सीएमव्ही तपासणी करायची. पास झालेली मात्र निसटणारच!

बरं, नंतर तपासू म्हणावं, तर लाळ किंवा लघवी २१ दिवसांच्या आत घ्यावी लागते. त्यानंतर विषाणू सापडला, तरी तो गर्भातला की आईच्या दुधातून आलेला, हे सांगता येत नाही. मिनेसोटा राज्य २०२३ पासून प्रत्येक नवजाताच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यातच तो शोधतं. रक्तात विषाणू कमी असेल, तर त्यातूनही काही बाळं सुटतात. सापडलेल्यांचे कान मात्र पुढची काही वर्षं ठरावीक अंतरानं तपासले जातात.