डाळिंबे, चांदीचे नाणे आणि एक नकार

दिवाळीच्या दिवसांत कोणी दारात काही घेऊन उभे राहिले, तर त्याला ‘नको’ म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. फराळाचे ताट शेजारी जाते ते भरलेलेच परत येते. अशा घरात वाढलेल्या माणसाला देणाऱ्याची वस्तू त्याच्याच हातात परत ठेवावी लागली, तर काय होते, हे मी गेल्या वर्षी जवळून पाहिले.

माझा एक जुना विद्यार्थी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. कंपनी परदेशी मालकीची. तो एके रात्री नऊच्या सुमारास माझ्या घरी आला तो कपाळाला आठ्या घालूनच. हातात एक लहानशी मखमली डबी होती.

“सर, एक पत्र लिहायचंय. मराठीत. आणि उद्याच्या उद्या.”

हकिकत अशी होती. कारखान्याला पुठ्ठ्याची खोकी पुरवणारे एक गृहस्थ इंदापूरचे. वडिलोपार्जित डाळिंबाची बाग, आणि जोडीला हा खोकी बनवण्याचा छोटा उद्योग. त्या दुपारी हे गृहस्थ पन्नासएक किलोमीटर गाडी हाकून बारामतीला आले. पण कारखान्यात न जाता माझ्या विद्यार्थ्याच्या घरी गेले. तो कामावर होता. त्याच्या आईच्या हाती डाळिंबाची पेटी आणि मिठाईचा डबा देऊन, “साहेबांना सांगा, भाऊबीज झाली की सगळ्यांनी भिगवणला यायचं. मासे खाऊ, मुलांना पाण्यावरचे पक्षी दाखवू, मुक्कामाची सोय केलीय,” असे सांगून ते परत गेले. संध्याकाळी मिठाईचा डबा उघडला, तो कागदाखाली ही डबी. आणि डबीत लक्ष्मीचे चांदीचे नाणे.

“आई म्हणते, लक्ष्मी परत पाठवू नये. आणि सर, डिसेंबरात खोक्यांच्या दराचा करार नव्याने व्हायचाय. तीन जणांचे दर येणार. त्यांत हे एक.”

खरी गोम येथे होती. हीच भेट करार होऊन गेल्यावर, कारखान्यात, चारचौघांदेखत आली असती, तर तिचा अर्थ कदाचित वेगळा झाला असता. पण ती दर ठरण्याच्या तोंडावर आली, कचेरीऐवजी घरी आली, आणि तिच्यातली किमती वस्तू कागदाखाली दडून आली. भेट साधी आहे की नाही हे किमतीपेक्षा या तीन गोष्टींवरून लवकर कळते.

त्याच्या कंपनीचा नियम स्पष्ट होता. पुरवठादाराकडून भेटवस्तू घ्यायची नाही. आलीच तर वरिष्ठांना लेखी कळवून नोंदवहीत लिहायची. टिकणारी वस्तू परत करायची. नाशवंत असेल आणि परत करणे शक्य नसेल, तर ती उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवायची. कामाच्या ओघात मिळालेला चहा किंवा साधे जेवण चालेल. सहकुटुंब पाहुणचार चालणार नाही.

हे नियम परदेशी लोकांचे खूळ आहे असे कोणाला वाटेल, तर ते खरे नाही. आपल्या केंद्र सरकारी नोकरांचे १९६४चे आचारनियम पाहा. सहज दिलेले जेवण किंवा गाडीतून सोडणे ही भेट मानायची नाही, पण ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध आहे त्यांचा थाटाचा किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळावा, असे तेथे सांगितलेले आहे. टाटा समूहाची लेखी आचारसंहिता १९९८ची. बारामतीत पियाजिओ आणि फेरेरो या इटलीच्या कंपन्यांचे कारखाने आहेत. माझा विद्यार्थी यांपैकी कोठेही नाही. पण त्या देशातही २००१च्या एका कायद्याने, नोकराने कंपनीच्या फायद्यासाठी लाच दिली तर खुद्द कंपनीलाही जबाबदार धरता येते, आणि आपण लेखी नियम करून ते खरोखर पाळत होतो हे दाखवणे हा कंपनीचा बचाव असतो. अशा कायद्यांमुळे भेटींची नोंदवही ही नुसती शोभेची वस्तू राहिलेली नाही.

तेव्हा परत द्यायचे हे ठरलेलेच होते. प्रश्न होता तो कसे द्यायचे हा. कंपनीचा छापील इंग्रजी मजकूर त्याच्याजवळ होता. मागे एकदा तोच एका पुरवठादाराला पाठवला, तेव्हा त्याच्या मुलाने तो वाचून दाखवला आणि बाप म्हणाला होता, “म्हंजे मला चोर म्हणत्यात व्हय?”

विद्यार्थ्याने स्वतः एक मसुदा केला होता. त्यात ‘घरात मधुमेह असल्याने मिठाई चालत नाही’ असे एक वाक्य होते. ते मी आधी खोडले. खोटी सबब सांगितली की देणारा तेवढी अडचण दूर करून पुन्हा येतो. मिठाई चालत नाही म्हटले की पुढच्या वर्षी सुकामेवा येतो. दुसरे वाक्य होते, ‘मी अशा भेटी घेत नाही.’ तेही खोडले. त्यात ‘मी’ सोवळा आणि तुम्ही ओवळे, असा ध्वनी निघतो. मराठीत ‘घेत नाही’ आणि ‘घेता येत नाही’ यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात माणूस नाकारतो, दुसऱ्यात नियम अडवतो. शेवटी पत्र असे झाले :

“स. न. वि. वि.

आपण दिवाळीनिमित्त घरी आणून दिलेली डाळिंबे, मिठाई व चांदीचे नाणे पोहोचले. आठवण ठेवून आपण इंदापूरहून आलात, याबद्दल मी व घरची मंडळी आपले आभारी आहोत.

आमच्या कंपनीच्या आचारनियमांप्रमाणे माल पुरवणाऱ्या कोणाकडूनही भेटवस्तू स्वीकारता येत नाही. हा नियम व्यवस्थापकांपासून माझ्यापर्यंत सर्वांना व सर्व पुरवठादारांच्या बाबतीत सारखाच आहे. म्हणून नाणे या पत्रासोबत परत करीत आहे. डाळिंबे व मिठाई नाशवंत असल्याने उपाहारगृहात सर्वांना वाटली असून तशी नोंद केली आहे. भिगवणच्या निमंत्रणासही याच कारणाने येता येणार नाही.

याचा आपल्या मालाच्या दराशी वा पुढील कराराशी काही संबंध नाही. कामासंबंधी अडचण असल्यास कारखान्यात केव्हाही यावे. आपणांस व कुटुंबीयांस दीपावलीच्या शुभेच्छा. कळावे, लोभ असावा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी आणि डबा उपाहारगृहात गेले, व्यवस्थापकांना लेखी कळवले गेले, वहीत नोंद झाली. पत्रात लिहिलेले सारे खरे झाल्यावरच पत्रावर सही झाली. नाणे टपालाने पाठवावे असे त्याच्या मनात होते. मी म्हटले, टपालाने आलेला नकार माणूस एकटा वाचतो, आणि एकटा वाचलेला नकार फार लागतो. मला इंदापूरला काम होतेच. दुपारी आम्ही दोघे निघालो. भवानीनगर, निमगाव केतकी मागे पडले तरी तो फारसे बोलला नाही.

गृहस्थांनी पत्र वाचले. डबी उघडून पाहिली, मिटली. बराच वेळ कोणी बोलेना.

“सायेब, बागेतली पहिली तोड होती. इकत आणल्याली नव्हती.”

“काका, डाळिंबं फार गोड होती असं सगळे म्हणाले. पण ती माझ्या घरात ठेवता येत नाहीत.”

“आन् नाणं?”

“ते तुम्ही कागदाखाली का ठेवलंत, काका?”

ते एकदम हसले, पण ते हसणे ओठांवरच राहिले. मग खरे कारण बाहेर आले. ऑगस्टपासूनची बिले अडकली होती. एक तर ऐंशी दिवसांवर गेले होते. कागदगिरणीला रोख मोजावे लागत होते, कामगारांना बोनस द्यायचा होता. साहेबांना खूष ठेवले तर बिल हलेल, असा हिशेब होता. “तुमचा नियम आमच्यासाठी हाय. बिलाला नियम न्हाई का?”

माझा विद्यार्थी गप्प झाला, कारण प्रश्न बिनतोड होता. बिलालाही नियम आहे. लघुउद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्याप्रमाणे लहान कारखानदाराचा माल स्वीकारल्यापासून, करार काहीही असो, पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात; उशीर झाल्यास जबर व्याज लागते. पण त्यासाठी उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी हवी. यांची नोंदणी होती. बिलावर मात्र तो क्रमांक छापलेला नव्हता, त्यामुळे लेखा विभागाने त्यांना इतर व्यापाऱ्यांच्या रांगेत बसवले होते. क्रमांक घालून लेखा विभागाला पत्र द्या, एवढे त्याने सांगितले. आणि एकट्यालाच सांगितले असे होऊ नये म्हणून तीच सूचना दोन दिवसांनी सर्व पुरवठादारांना पाठवली. निघताना त्यांनी चहा मागवला. तो आम्ही घेतला. नियमाला चहाचे वावडे नव्हते.

करार डिसेंबरात झाला. दर यांचाच कमी होता. पण तुलनेच्या कागदावर माझ्या विद्यार्थ्याने एकट्याने सही केली नाही, व्यवस्थापकांनाही नोंदवहीची आठवण देऊन सही करायला लावली. जानेवारीत त्यांच्या खोक्यांची एक खेप आली. गोदामात रचलेल्या थरांतली तळाची खोकी बसू लागली. तपासणीत पुठ्ठ्यात ओल जास्त निघाली. खेप परत गेली. गृहस्थ फोनवर खूप रागावले, वाहतुकीचा खर्च सांगितला, गिरणीला दोष दिला. एक वाक्य मात्र ते बोलू शकले नाहीत.

“कोणतं?” मी विचारले.

“खाल्ल्या मिठाला जागा, हे.”

इंग्रजी नियमपत्रिकेत याला हितसंबंधांचा संघर्ष की काय म्हणतात. आपल्याकडे त्याला एक लहानसा शब्द आहे : मिंधा. मिंधा माणूस लबाड असतोच असे नाही. बहुधा तो सज्जनच असतो. ओलसर खोके परत पाठवताना त्याला फक्त डाळिंबाची चव आठवते, आणि ‘या खेपेला जाऊ द्या’ असे तो म्हणतो. वरच्या थरांचे वजन मग तळच्या खोक्याला पेलत नाही.

या वर्षी कारखान्याने दसऱ्यालाच सर्व पुरवठादारांना मराठीत पत्र पाठवले. मजकूर बराचसा तोच. खाली एक ओळ नवी आहे : बिलास पंचेचाळीस दिवसांपेक्षा अधिक उशीर झाल्यास कोणास कळवावे त्याचे नाव आणि दूरध्वनी.

इंदापूरहून यंदा पेटी आली नाही. शुभेच्छांचे कार्ड आले, कारखान्याच्या पत्त्यावर.