व्याजावरचं व्याज तोंडी कसं काढाल?

पन्नास हजार रुपये, दर साल दर शेकडा 8, मुदत दोन वर्षं. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांत फरक किती? त्यासाठी वर्षावर्षाचा तक्ता मांडायची गरज नाही.

पहिल्या वर्षाचं व्याज दोन्हीकडे सारखंच, 4,000 रुपये. दुसऱ्या वर्षी मुद्दलावर पुन्हा तेवढंच मिळतं. चक्रवाढीत जास्तीचं येतं ते फक्त या पहिल्या 4,000 वरचं व्याज, म्हणजे 320 रुपये. हाच दोन वर्षांचा फरक.

तीन वर्षांसाठी हाच आकडा धरून पुढे जायचं. पहिल्या वर्षाचं व्याज पुढची दोन वर्षं कमावतं, म्हणजे दोनदा 320. दुसऱ्या वर्षाचं सरळव्याज तिसऱ्या वर्षी कमावतं, आणखी 320. शिवाय दुसऱ्या वर्षी मिळालेल्या 320 वर तिसऱ्या वर्षी 25 रुपये 60 पैसे. एकूण फरक 985 रुपये 60 पैसे. अनेकजण इथे दोन वर्षांच्या फरकाची दीडपट करतात आणि चुकतात. तो तिपटीहून थोडा जास्तच असायला हवा. उत्तर तपासायची ही सोपी खूण.

ही रीत वार्षिक चक्रवाढीची आहे. बँकेच्या मुदत ठेवीत व्याज बहुधा दर तिमाहीला मुद्दलात मिळवतात. मग याच रकमेवर दोन वर्षांचा फरक 320 नव्हे, सुमारे 583 रुपये होतो. म्हणून ठेव ठेवताना दराबरोबरच व्याज कधी मिळवलं जातं, हेही विचारा.