एका संध्याकाळचं आयुष्य, शतकभराचं कवच

मेफ्लाय एकच दिवस जगते, हे अर्धसत्य आहे. तिची अळी नदीच्या तळाशी शेवाळ खात कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षंही काढते. पंख फुटल्यावरचं आयुष्य मात्र खरोखर तोकडं असतं. प्रौढ मेफ्लायचं तोंड निकामी असतं आणि आतड्यात अन्नाऐवजी हवा भरलेली असते. अळीने साठवलेल्या शिदोरीवर तिला मीलन करून अंडी घालायची असतात. अमेरिकेतल्या ‘डोलानिया अमेरिकाना’ जातीच्या मादीला त्यासाठी पाच मिनिटंही मिळत नाहीत. पक्षी आणि मासे टपलेलेच असतात. अंडी पाण्यात पडली की शरीर टिकवून पिढी वाढत नाही, म्हणून दुरुस्तीवर शक्ती खर्चणारी शरीरं निवडलीच गेली नाहीत.

महाकाय कासवाचं गणित उलटं आहे. त्याची अंडी आणि पिल्लं सहज बळी पडतात. पण कवच मोठं नि टणक झालं की, विशेषतः शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर, त्याला मारणारं फारसं कुणी उरत नाही. मग दरवर्षी थोडी थोडी अंडी घालत दशकानुदशकं जगणाऱ्याचीच पिल्लं जास्त उरतात. अशा जिवाला पेशींची डागडुजी परवडते. संथ चयापचयाचीही मदत होते, पण तेवढंच कारण पुरेसं नाही: वटवाघळाचा चयापचय वेगवान असतो, तरी ते उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतं.

सेंट हेलेना बेटावरचं जोनाथन नावाचं महाकाय कासव 1882 मध्ये तिथे आलं, तेव्हाच पूर्ण वाढलेलं होतं. त्यावरून त्याचा जन्म 1832 च्या सुमाराचा धरतात.